लाल टिकेचे दोहे

(खटाव तालुक्यातल्या एका झेडपी शाळेचं पटांगण. साल एकोणीसशे अठ्ठ्याण्णव. सोमवार, सकाळचे साडेनऊ. रस्त्याकडच्या पांढऱ्या भिंतीवर लाल ऑईलपेंटमध्ये ताजी अक्षरं.)

नाथाजी सर : अहो बाई, तुम्ही टिक केली होती का नव्हती? एवढंच सांगा. हो का नाही.

दीपमाला : केली होती, सर.

नाथाजी सर : लाल शाईनं?

दीपमाला : लाल शाईनं.

नाथाजी सर : झालं तर मग! संपला विषय! मी सयाजीला सांगितलं, लाल टिक असेल ते भिंतीवर घे. त्यानं घेतलं. ह्यात हेडमास्तराचा दोष कुठं येतो?

दीपमाला : सर, ती टिक मात्रांची होती.

नाथाजी सर : कसली?

दीपमाला : मात्रांची. पहिल्या चरणात तेरा, दुसऱ्यात अकरा. तेरा-अकरा जमलं की टिक. मुलानं काय लिहिलंय त्याला टिक नव्हती ती.

नाथाजी सर : म्हणजे पोरगं शिव्या देऊ दे, पण मोजून दे?

दीपमाला : मी शनिवारी साताऱ्याला ट्रेनिंगला जाताना तुमच्या टेबलावर दोन गोष्टी ठेवल्या होत्या. एक वह्यांचा गठ्ठा. आणि एक पाकीट. पाकिटावर लिहिलं होतं, 'भिंतीवर रंगवायचे दोहे'.

नाथाजी सर : पाकीट मला वाटलं रजेचा अर्ज.

सयाजी : आनि मला तर पाकीट कुनी दावलंच न्हाई. साळंत शिपाई म्हून आलो तरी मी मिल्ट्रीतला मानूस, बाई. सतरा वर्सं गाड्यांवर नंबर रंगवलं. ऑर्डर काय? लाल टिक. बस्स. लाल टिक दिसली की घेतलं, न्हाई दिसली की सोडलं. वाचायची ऑर्डर नव्हती.

नाथाजी सर : तू गप रे. पाच रंगवलेस! पाच! एखादा रंगवून तरी विचारायचं.

सयाजी : धा रंगवायचं व्हतं. लाल रंग दोन-चार शब्दांपुरताच उरला म्हून पाचात ऱ्हायलं.

नाथाजी सर : देवाची कृपा. किती वाजता येणार ते सांगलीचे?

दीपमाला : अकराला. मूल्यशिक्षण पुस्तिकेचे संपादक आणि आपले विस्तार अधिकारी. जीपनं.

नाथाजी सर : दीड तास! सयाजी, चुना कालव. फास सगळ्या भिंतीवर.

सयाजी : ऑईलपेंटावर चुना? लावा की. अकराला साहेब येतील तवा चुन्यातनं लाल अक्षरं वर येतील. आत्तापेक्षा ठळक दिसतील, सांगून ठिवतो.

नाथाजी सर : मग पांढरा ऑईलपेंट मार!

सयाजी : डबा तळाला गेलाय. चार-पाच शब्द झाकतील एवडाच हाय. आनि वडूजला दुकान धाला उघडतंय. जाऊन यायला एस्टी कवा, ती तुमालाच म्हाईत.

नाथाजी सर : चार-पाच शब्द. ठीक आहे. बाई, पटापट वाचा. कुठला सगळ्यात वाईट आहे?

दीपमाला : वाईट एकही नाही, सर. सगळे चोवीस मात्रांत आहेत.

नाथाजी सर : बाई!

दीपमाला : ऐका तर खरं. ह्या सांगलीच्या लोकांनी माझा स्वाध्याय दोनदा परत पाठवलाय. पहिल्यांदा माझ्याच एका ओळीत चौदा मात्रा निघाल्या म्हणून. दुसऱ्यांदा मुलांनी लिहिलेल्या सगळ्या ओळी सारख्याच होत्या म्हणून. त्यांनी सरळ विचारलं, एकानं लिहून तीस जणांनी उतरवलं का? आणि खरंच होतं ते. आता त्यांचं शेवटचं पत्र आहे. मूल्यशिक्षणाच्या पुस्तिकेत दोह्यांचं पान घ्यायचं की नाही, ते आज ठरणार. मुलांनी स्वतःहून लिहिलेला आणि मात्रेत बसणारा एक तरी दोहा भिंतीवर दिसला, तर फोटो काढून छापू. नाही तर ते पान रद्द. त्या जागी चित्र रंगवा, म्हणून एक कमळ टाकणार आहेत.

नाथाजी सर : कमळ वाईट आहे का?

दीपमाला : चौदा महिने झालेत, सर, ह्या एका पानावर.

नाथाजी सर : अहो पण स्वाध्याय काय दिला होता तुम्ही पोरांना? तो दाखवा आधी. शब्दशः.

दीपमाला : 'खाली दोह्याची पहिली ओळ दिली आहे. तीत कोणते मूल्य आहे ते ओळखा. आपल्या घरातले किंवा गावातले उदाहरण घेऊन दुसरी ओळ लिहा. मात्रा मोजा. शेवट जुळवा.'

नाथाजी सर : घरातले किंवा गावातले!

दीपमाला : हो.

नाथाजी सर : तुम्हीच मागितलंय की हो! पोरांना कोण म्हणालं गावात बघा म्हणून? गावात बघण्यासारखं काय आहे?

दीपमाला : मूल्यं दहा आहेत, सर. परिपाठाला रोज म्हणतो आपण. कुठंतरी बघावी लागणारच.

सयाजी : सर, ती पिचकारी तिकडं नालीत मारा. भितीवर उडंल. आधीच लाल लय झालंय.

नाथाजी सर : हं. वाच रे पहिला.

सयाजी : वाचायची ऑर्डर हाय न्हवं आता? 'श्रमप्रतिष्ठा. हाताने जो राबतो, त्याला शोभे घाम. फोटोपुरते टोपले, सरपंचांचे काम.'

नाथाजी सर : मेलो.

दीपमाला : पहिली ओळ माझी. दुसरी मुलाची. बघा, घाम-काम. शेवटी दीर्घ आणि मग ऱ्हस्व. दोह्याला हाच शेवट लागतो. सातवीतल्या मुलाला जमलंय.

नाथाजी सर : अहो, दादासो सरपंच स्वतः येणारेत हार घेऊन! श्रमदानात त्यांनी टोपलं धरलेला फोटो ग्रामपंचायतीत लावलाय, फ्रेम करून!

दीपमाला : म्हणून तर मुलानं बघितला.

सयाजी : दादासो काल सांजच्याला येऊन गेलं हितनं.

नाथाजी सर : आणि?

सयाजी : खूश झालं.

नाथाजी सर : खूश?

सयाजी : व्हय. ह्या अंगाला माझी शिडी उभी व्हती, तिच्यावर चादर वाळत घातल्याली. अर्धी वळ तिच्यामागं गेल्याली. त्यास्नी दिसलं, 'त्याला शोभे घाम' आनि खाली 'सरपंचांचे काम'. म्हनलं, सयाजी, शाळंनं आमची जाण ठेवली गड्या. उद्या नारळ घेऊन येतो.

नाथाजी सर : म्हणजे आता सरपंच हा शब्द पुसताही येत नाही!

दीपमाला : आणि ठेवताही येत नाही.

नाथाजी सर : एक करा. पुढं फक्त 'मा.' लावा. 'मा. सरपंचांचे काम'. मान दिला की टोचत नाही. एकच अक्षर आहे.

दीपमाला : अक्षर एक, पण दीर्घ आहे. दोन मात्रा. ऱ्हस्वाला एक, दीर्घाला दोन. अनुस्वार असला तरी दोन. आणि जोडाक्षराच्या आधीचं ऱ्हस्व असेल, त्यावर जोर येतो, मग त्यालाही दोन. स एक, र एक, पं दोन, चां दोन, चे दोन. झाले आठ. काम तीन. अकरा. तुमचा 'मा.' लावला की तेरा.

नाथाजी सर : मग 'माननीय'?

दीपमाला : सहा.

नाथाजी सर : 'आदरणीय'?

दीपमाला : सात, सर. सरपंच जेवढे मोठे कराल तेवढा दोहा मोडेल.

नाथाजी सर : मग तुम्ही सांगा! तुम्हीच घातलाय हा घोळ.

दीपमाला : 'फोटोपुरते' काढता येईल. फो दोन, टो दोन, पु एक, र एक, ते दोन. आठ मात्रांचं काहीतरी हवं. 'गावासाठी'. दोन, दोन, दोन, दोन. आठ.

सयाजी : 'गावासाठी टोपले, सरपंचांचे काम.'

नाथाजी सर : वा! वा बाई! एका शब्दात कलेक्टरलासुद्धा दाखवता येईल असा दोहा झाला. रंगव रे!

दीपमाला : मात्रा बरोबर आहेत. गोष्ट खोटी आहे. खाली त्या मुलाचं नाव लिहू नका. आणि माझंही नको.

नाथाजी सर : कुणाचंच नको. दुसरा?

सयाजी : 'वैज्ञानिक दृष्टिकोन. पारखुनी घे सर्व तू, नंतर ठेवी भाव. नारळ घेउन शोधले पाणी, हसले गाव.'

नाथाजी सर : हा कुणाचा?

दीपमाला : कोणत्या मुलाचा ते सांगणार नाही.

नाथाजी सर : पोराचं नाव नाही विचारत. कुणावर आहे?

सयाजी : आवं सर, शाळंच्या बोअरवर हाय. पानाड्या आनलाता न्हवं का तुमी, औंधकडचा? तळहातावर नारळ घेऊन पटांगनात तीन येढं मारलं त्यानं. नारळ उभा ऱ्हायला की म्हनला हितं खनायचं. दोनशे फूट फुफाटा निगाला. समदी साळा बघाय उभी व्हती.

नाथाजी सर : तो माझा निर्णय नव्हता. शाळा समितीचा ठराव होता.

सयाजी : पाय धुतलं तुमीच त्याचं.

नाथाजी सर : तू रंगाकडं बघ. बाई, विस्तार अधिकाऱ्यांनी त्या बोअरचं उद्घाटन केलंय. बोअरच्या पाटीवर त्यांचं नाव आहे. हा दोहा वाचून ते काय करतील माझं? मला रिटायर व्हायला पाच महिने आहेत. काही तरी करा. 'नारळ घेउन' बदला.

दीपमाला : 'नारळ घेउन' आठ मात्रा. 'यंत्र लावुनी' बसेल. यं दोन, त्र एक, ला दोन, वु एक, नी दोन.

नाथाजी सर : 'यंत्र लावुनी शोधले पाणी, हसले गाव.' हे काय, यंत्राला गाव हसतंय?

दीपमाला : मग 'हसले'च्या जागी 'सजले'. चारला चार.

नाथाजी सर : 'यंत्र लावुनी शोधले पाणी, सजले गाव.' बाई, तुमच्यात खरंच गुण आहे हो.

दीपमाला : आणि भिंतीच्या मागं कोरडा बोअर. सर, मुलं रोज बाटलीतून पाणी घेऊन येतात. ती वाचणार ना हे? मी त्यांना चौदा महिने सांगितलं, दोह्यात फुकाचा शब्द नसतो.

नाथाजी सर : मग काय करू?

दीपमाला : हा ठेवा. अधिकारी बोअरचं नाव वाचणार नाहीत, कारण बोअर दोह्यात नाहीच. नारळ आहे, पाणी आहे, गाव आहे. पानाडे काय आपल्याच गावात आलेत?

सयाजी : आनि पांढरा रंगबी वाचंल.

नाथाजी सर : राहू दे. पण उद्घाटनाच्या पाटीवर घोंगडं टाक. तिसरा?

सयाजी : 'सौजन्यशीलता. गोड बोलुनी वागणे, हाच खरा संस्कार. बाईंचा येतो खडू, नेम चुके ना यार.'

नाथाजी सर : हा हा हा! बाई!

दीपमाला : वाचलाय मी.

नाथाजी सर : नेम चुके ना यार! आणि ह्यालाही टिक दिलीत?

दीपमाला : तेरा-अकरा आहे, सर. बा, ईं, चा, ये, तो, पाच दोनदोन. दहा. ख एक, डू दोन. तेरा. टिक नाही दिली तर कारण काय सांगू?

नाथाजी सर : खडू मारता होय तुम्ही? मूल्यशिक्षणाच्या बाई?

दीपमाला : मोजताना बोटं सोडली की मारते. बोटांवर मोजायचं असतं.

सयाजी : माज्या डोळ्यानं बगितलंय. काय निशाना हाय. फायरिंग रेंजवर असत्या तर बिल्ला मिळाला आस्ता.

नाथाजी सर : हा तर नक्की राहू दे. साहेबांना हसू येईल. चौथा?

सयाजी : 'स्त्री-पुरुष समानता. मुलगा मुलगी सारखे, एकच त्यांची वाट. दादाला ती सायकल, मजला खरकट ताट.'

नाथाजी सर : हा बरा आहे. ह्यात कुणी पदाधिकारी नाही.

सयाजी : थांबा. दादाला ती सायकल?

दीपमाला : सयाजीमामा, पुढचा वाचा.

सयाजी : आमच्या यशराजाला दिवाळीत सायकल आनली. आनि प्रियंका तुमच्या वर्गात हाय. बाई, हे प्रियंकीनं लिवलंय?

दीपमाला : नाव सांगत नाही मी कुणाचं.

सयाजी : आयला! मी माज्या हातानं माज्याच घरची आब्रू मेनरोडवर रंगवली? चार इंची अक्षरात? वर श्याडिंग दिलंय त्येला!

नाथाजी सर : वाचायची ऑर्डर नव्हती ना?

सयाजी : आवं पन खोटं हाय ते! सायकल सेकंडहँड हाय! वाईच्या एका भटजीची जुनी घेतलीया. बाई, दुरुस्ती करा. 'दादाला जुनी सायकल' लिवतो.

दीपमाला : चौदा होतात.

सयाजी : कशी?

दीपमाला : दादाला, सहा. जुनी, तीन. नऊ. सायकल, पाच. चौदा.

सयाजी : एक मात्रेनं मानूस बदनाम करताय व्हय? मंग ती 'ती' काय करतीया तितं? 'दादाला ती सायकल'. ती रिकामीच बसलीया. तिला उठवा.

दीपमाला : ती दोन मात्रा भरते. उठवली तर अकरा उरतील.

सयाजी : फुकाचा शब्द नसतो म्हनला न्हवं आत्ता?

दीपमाला : ...ते खरं आहे. ती फुकाचीच आहे. मी टिक द्यायला नको होती.

नाथाजी सर : अहो, आता ह्यात वेळ घालवू नका! दहा वाजून गेले!

दीपमाला : मामा, एक बघा. सायकल जुनी असली तरी ताटं कोण घासतं?

सयाजी : प्रियंकी घासती.

दीपमाला : मग?

सयाजी : पोरगा बारावीला हाय वो यंदा.

दीपमाला : ते 'बारावी' पण मात्रेत बसत नाही.

सयाजी : राहू द्या मंग. पन तिची आई हितनं बाजाराला जाती. ती वाचंल आनि मला म्हनंल, तूच लिवलंस न्हवं, आता घास.

नाथाजी सर : सयाजी, पाचवा वाच. माझं डोकं उठलंय. तोंडातलं पान पण संपलं.

सयाजी : 'वक्तशीरपणा. वेळेवर जो पोचतो, त्याचा राही मान. घंटा होते, मग सुरू आजोबांचे पान.'

नाथाजी सर : हां! हा बघा! ह्याला म्हणतात दोहा! कुणाला लागत नाही, कुणाला बोचत नाही. एखादा म्हातारा असेल, नातवंडाला शाळेत सोडायला येत असेल. इथं शाळेची घंटा, तिथं ह्याचा चुना-कात. डोळ्यापुढं उभा राहतो.

दीपमाला : हो, सर.

नाथाजी सर : कुणाचा असेल म्हातारा? धोंडीबा असेल. तो तंबाखूवाला आहे, पण पानही खातो. बाई, साहेब आले की पहिला हाच दाखवू. फाटकापासून सुरुवात ह्याच दोह्यानं. मात्रा बरोबर आहेत ना?

दीपमाला : घं दोन, टा दोन, हो दोन, ते दोन. मग, दोन. सुरू, तीन. तेरा. आ, जो, बां, चे, आठ. पान, तीन. अकरा.

नाथाजी सर : चोवीस. पुस्तकात हाच जाऊ दे. माझ्याकडून शिफारस लिहा.

सयाजी : सर...

नाथाजी सर : काय?

सयाजी : काय न्हाई. 'गावासाठी' वाळतंय. चादर काढू का शिडीवरची?

नाथाजी सर : काढ. आता बाई, फोटोचं काय? फोटोत कोण उभं राहणार? मी मधे, सरपंच उजवीकडं...

दीपमाला : पत्रात लिहिलंय, दोहा लिहिणारं मूल आपल्या दोह्याशेजारी उभं करायचं. ते त्याला समोर मात्रा मोजायला लावणार. उतरवलेलं नाही ना ते बघायला.

नाथाजी सर : बरोबर आहे. मागच्या वेळी फसलेत ते. मग बोलवा की. हा पानवाला दोहा ज्या पोरानं लिहिलाय त्याला. नाक बिक पुसलंय का बघू.

दीपमाला : मी नावं सांगणार नव्हते.

नाथाजी सर : अहो, ह्याला काय लपवायचंय? शाबासकी द्यायचीय! मी स्वतः पेन देणारे बक्षीस.

दीपमाला : राजेश्वरी.

नाथाजी सर : कुठली राजेश्वरी?

दीपमाला : शाळेत एकच आहे, सर.

नाथाजी सर : आमची राजी?

दीपमाला : हो.

नाथाजी सर : माझी नात?

सयाजी : मी 'गावासाठी'ला जरा श्याडिंग देतो.

नाथाजी सर : अहो पण मी कुठं... फाट्यावर उतरल्यावर एक पान खातो मी. एक! टपरीवाला मनुबाईचा पोरगा, त्याला सवय आहे, सर आले की पान लावायचं. पाच मिनिटं लागतात.

सयाजी : फाट्यावर घंटा आईकू येती, सर.

नाथाजी सर : ऐकू येते. तेव्हाच तर कळतं की वेळ झाली. आणि ती असतेच की माझ्याबरोबर. कधी काही बोलली नाही. म्हणाली असती, आबा चला, तर मी निघालो नसतो?

दीपमाला : तुम्ही तिचे आजोबा आहात. आणि हेडसर पण.

नाथाजी सर : मग? तोंड नाही तिला?

दीपमाला : तुम्हीच नियम केलाय, सर. परिपाठ सुरू झाल्यावर जो येईल त्यानं रांगेत शिरायचं नाही. परिपाठ संपेपर्यंत वऱ्हांड्यात उभं राहायचं. फळ्यावर लिहिलंय तुमच्या अक्षरात.

नाथाजी सर : तो हेडमास्तरांच्या नातीला लागू आहे का?

दीपमाला : मी विचारलं होतं तिला. ये आत, म्हटलं. ती म्हणाली, नको बाई. आबांचा नियम आहे.

नाथाजी सर : रोज उभी राहते?

दीपमाला : रोज. मी पहिली ओळ दिली, तेव्हा बाकीच्यांना वर्गात आठवडा लागला मात्रा जमायला. ती तिथं खांबाशी उभी राहून प्रार्थना चालू असताना बोटं मोजायची. दोन दिवसांत आली. वर्गात सगळ्यात चांगली तीच मोजते.

सयाजी : सर, पांढरा रंग उरलाय. एक शब्द सहज झाकंल.

नाथाजी सर : थांब. 'आजोबांचे' आठ आहेत ना?

दीपमाला : आठ.

नाथाजी सर : शे... जा... ऱ्या... चे. दोन, चार, सहा, आठ. 'शेजाऱ्याचे पान'. बसतंय का?

दीपमाला : बसतंय, सर. अगदी बरोबर.

नाथाजी सर : मला मोजता आलं.

दीपमाला : आलं.

सयाजी : झाकू का मंग? बुरूश वला हाय.

नाथाजी सर : ती त्यांच्यापुढं मात्रा मोजताना 'शेजाऱ्याचे' म्हणेल का?

दीपमाला : तुम्ही सांगितलं तर म्हणेल.

नाथाजी सर : हं.

सयाजी : सर, फाट्यावर जीप वळली. धुरळा उठलाय.

नाथाजी सर : डबा बंद कर.

सयाजी : झाकायचं न्हाई?

नाथाजी सर : डबा बंद कर म्हटलं ना. शिडी हलव तिथनं. साहेबांना पूर्ण ओळ दिसू दे. आणि हा पानाचा पुडा घे, टाक कुठंतरी. खिशात नको माझ्या.

सयाजी : हुकूम.

नाथाजी सर : बाई, बोलवा राजीला. कुठं आहे ती?

दीपमाला : वऱ्हांड्यात. खांबाशी उभी आहे.

नाथाजी सर : अहो, पण आज आम्ही पहिल्या गाडीनं आलोय! घंटासुद्धा व्हायचीय अजून. कशाला उभी आहे?

दीपमाला : सवयीनं, सर.